फोटोतली लादी मोजली की हॉलचं खरं माप कळतं! कोऱ्या जमिनीवर टाइल, गालिचा आणि हिरवळ बसवण्यामागचं सोपं गणित

दिंडोशी मेट्रो स्टेशनच्या आसपास घर शोधणाऱ्यांच्या मोबाईलवर एक ठरावीक फोटो हमखास येतो. प्रत्यक्षात जिथे नुसता कोबा आहे, तिथे फोटोत चकचकीत लादी दिसते. बिल्डिंगच्या मागे मातीचा उघडा तुकडा असतो, फोटोत तिथे हिरवीगार लॉन असते. असा फोटो बनवण्यात गैर काही नाही. लादी घातल्यावर घर कसं दिसेल, हे आधी बघायला कुणालाही आवडतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कंपाउंडला पेव्हर ब्लॉक लावायचे की नाही यावर दोन तास वाद घालण्यापेक्षा असा एक फोटो दाखवणं केव्हाही बरं.

पण या फोटोंमध्ये बऱ्याचदा काहीतरी खटकतं. लादी जमिनीवर पसरलेली न वाटता उभी राहिल्यासारखी वाटते, किंवा हॉल उगाच मोठा भासतो. असं का होतं?

सगळं एका रेषेपासून सुरू होतं, ती म्हणजे क्षितिजरेषा. रेल्वेचे रूळ दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात, हे शाळेत चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनीच काढलेलं असतं. खोलीतही तेच होतं. डावी भिंत आणि उजवी भिंत जिथे जमिनीला टेकते, त्या दोन कडा फोटोत पुढे वाढवत नेल्या की एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूतून आडवी रेषा काढली की ती झाली क्षितिजरेषा. समोरच्या भिंतीमुळे ती प्रत्यक्षात दिसत नाही, पण असते. आणि ती नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते.

या शेवटच्या वाक्यातच सगळी गंमत आहे. फोन जमिनीपासून 4 फुटांवर धरून, न झुकवता फोटो काढला असेल, तर जमिनीवरच्या कुठल्याही जागेपासून क्षितिजरेषेपर्यंतचं उभं अंतर म्हणजे त्या जागी 4 फूट. जवळच्या जागी हे अंतर फोटोत मोठं दिसेल, लांबच्या जागी लहान. पण दोन्हीकडे ते 4 फूटच. म्हणजे प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी लपलेली असते. 2 फुटी लादीची रुंदी जवळ असो वा लांब, त्या अंतराच्या बरोबर निम्मी दिसली पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. समजा, दिंडोशीतल्या एका नव्या फ्लॅटचा हॉल 10 फूट रुंद आहे. पॅसेजमध्ये उभं राहून, फोन छातीशी म्हणजे 4 फुटांवर सरळ धरून, 1x लेन्सने आडवा फोटो काढला. समोरची भिंत 20 फुटांवर आहे. फोटो 4000 पिक्सेल रुंद आणि 3000 पिक्सेल उंच आहे. फोन सरळ धरल्यामुळे क्षितिजरेषा बरोबर मध्ये, वरून 1500 पिक्सेलवर येते. साधारण फोनच्या मुख्य लेन्सने फोटोच्या तळाशी दिसणारी जमीन कॅमेऱ्यापासून 8 फुटांवर असते. म्हणजे फोटोत दिसणारी जमीन 8 फुटांपासून 20 फुटांपर्यंत, एकूण 12 फूट खोल. तिच्यावर 2 बाय 2 ची लादी घालायची, तर आडव्या 5 लाद्या आणि मागे जाणाऱ्या 6 ओळी.

तळाशी क्षितिजरेषेपर्यंतचं अंतर 1500 पिक्सेल आहे, म्हणून पहिली लादी 750 पिक्सेल रुंद. पाच लाद्या मिळून 3750. समोरच्या भिंतीपाशी हेच अंतर 600 पिक्सेल उरतं, म्हणून तिथे लादी 300 पिक्सेल रुंद आणि पाच लाद्या मिळून 1500. जमिनीचा आकार झाला खाली रुंद आणि वर अरुंद असा चौकोन, 900 पिक्सेल उंचीचा.

आता चूक होते ती इथे. सहा ओळी आहेत, मग 900 ला 6 ने भागून प्रत्येक ओळीला 150 पिक्सेल द्यायचे, असं मनाला वाटतं. खरा हिशोब वेगळा आहे. जवळून लांब जाताना ओळींची उंची 300, 200, 143, 107, 83 आणि 67 पिक्सेल येते. पहिली ओळ शेवटच्या ओळीच्या साडेचारपट उंच! सारखे भाग पाडले तर जवळच्या लाद्या चेपलेल्या आणि भिंतीजवळच्या लाद्या लांबुडक्या दिसतात, आणि अख्खी जमीन भिंतीकडे चढत गेल्याचा भास होतो. फोटोत खटकतं ते नेमकं हेच.

हा गोंधळ आजचा नाही. इटलीत लिऑन बातिस्ता आल्बेर्ती याने 1435 च्या सुमारास चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने फरशी रंगवणाऱ्या चित्रकारांची अशीच एक चूक दाखवली आहे. ते प्रत्येक पुढची ओळ आधीच्या ओळीच्या दोन तृतीयांश करत. वरच्या उदाहरणात 300 नंतर 200 हे प्रमाण योगायोगाने जुळतं, पण पुढे 143 ऐवजी 133 येतात आणि भिंतीपर्यंत पोचेतो लाद्या कमी पडतात. आल्बेर्तीने तपासायची युक्तीही दिली: फरशीच्या चौकोनांतून एक तिरकी रेषा ओढा. ती प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यांतूनच सरळ गेली, तर जाळी बरोबर.

हीच तिरकी रेषा आज फोटो एडिट करताना कामी येते. जमिनीच्या चार कोपऱ्यांतून दोन कर्ण काढा. ते जिथे छेदतात तिथे जमिनीची खरी मधली ओळ. आपल्या उदाहरणात ती खालून 643 पिक्सेलवर येते, 450 वर नाही. म्हणजे जवळचे 6 फूट 643 पिक्सेल खातात आणि लांबचे 6 फूट उरलेल्या 257 मध्ये बसतात. फोन झुकवून काढलेल्या फोटोतही कर्णांची ही युक्ती चालते, त्यामुळे आकडेमोड नको असेल त्यांनी नुसते कर्ण काढले तरी भागतं.

प्रत्यक्ष काम मोफत मिळणाऱ्या GIMP मध्ये होतं. आधी लादीचं सरळ वरून दिसणारं चित्र तयार करायचं, जमिनीच्याच प्रमाणात. जमीन 10 बाय 12 फूट, म्हणून चित्र 3750 बाय 4500 पिक्सेल. बरेच जण इथे चौरस चित्र घेतात आणि मग लाद्या ओढल्यासारख्या दिसतात. नवीन लेयरवर ते चित्र ठेवून Perspective टूलने त्याचे चार कोपरे जमिनीच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ठेवायचे. मागच्या ओळी आपोआप योग्य तितक्या लहान होतात. मोबाईलमधली काही अ‍ॅप मात्र चित्र नुसतं ताणतात. ते ओळखायला पुन्हा कर्णच बघायचे. लाद्यांचे कोपरे एका सरळ तिरक्या रेषेत येत नसतील, तर ते अ‍ॅप या कामाचं नाही.

फोटोशॉपमधला Vanishing Point फिल्टर वापरणाऱ्यांना जाळी निळी झाली की काम झालं असं वाटतं. निळा रंग एवढंच सांगतो की असा चौकोन पर्स्पेक्टिव्हमध्ये असू शकतो. तो तुमच्याच जमिनीचा आहे आणि लादी 2 फुटांचीच आहे, हे त्याला कळत नाही.

माप महत्त्वाचं ते यासाठी. याच हॉलमध्ये जाळी अचूक ठेवून 5 ऐवजी 10 लाद्या आडव्या बसवल्या, तर फोटो बिलकुल खटकणार नाही. पण 2 फुटी लादीची सवय असलेला डोळा 10 फुटांचा हॉल 20 फुटांचा समजेल. जाहिरातीतला फोटो बघताना म्हणूनच लादीच्या रेषा वाढवून क्षितिजरेषा काढावी आणि एका लादीची रुंदी तिथल्या अंतराशी ताडून बघावी. माणूस साधारण 4 ते 5 फुटांवरून फोटो काढतो, तेव्हा 2 फुटी लादी त्या अंतराच्या निम्म्याच्या आसपास हवी. ती पाव भरली, तर लादी फुटाची आहे किंवा फोटोतली लादी नंतर चिकटवलेली आहे. बिल्डरच्या जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12 भरपाईची तरतूद करतं. पण लाद्या मोजायला दोन मिनिटं लागतात, तक्रारीला किती लागतात हे सांगायला नको.

जाळी बसली तरी लादी तरंगल्यासारखी दिसू शकते, कारण खिडकीचा उजेड आणि भिंतीची सावली कोब्यावर होती, लादीवर नाही. मूळ जमिनीचा तुकडा कॉपी करून काळा-पांढरा करायचा, Levels मधून उजळायचा आणि लादीच्या वर Multiply मोडमध्ये ठेवायचा. कोब्याचे डाग लादीवर उमटू नयेत म्हणून तो थोडा ब्लर करावा.

गालिच्याचं गणित तेच आहे, फक्त तो भिंतींना समांतर नसू शकतो. तिरका टाकलेला गालिचा असेल तर त्याच्या कडा दुसऱ्याच बिंदूंकडे जातात, पण ते बिंदूही त्याच क्षितिजरेषेवर असतात. शिवाय गालिच्याला जाडी असते. पुढच्या कडेला बारीकशी सावली दिली नाही, तर तो जमिनीवर छापल्यासारखा दिसतो.

हिरवळ मात्र या पद्धतीला पुरती दाद देत नाही. गवताचा वरून काढलेला फोटो जाळीवर ताणला की लांबून ठीक दिसतो, पण पायाशी हिरवा रंग फासल्यासारखा वाटतो. उभं राहून पाहताना जवळच्या गवताची पाती बाजूने दिसतात, वरून नाही. म्हणून पुढच्या चार-पाच फुटांत उभ्या पात्यांचा वेगळा फोटो लागतो, आणि भिंतीच्या किंवा पायवाटेच्या कडेवर काही पाती ब्रशने बाहेर काढावी लागतात. खऱ्या गवताची कड कधीच सरळ नसते.

मोकळ्या प्लॉटची आणखी एक अडचण दिंडोशीत हमखास येते. इथली जमीन पूर्वेला नॅशनल पार्कच्या टेकड्यांकडे चढत जाते. चढाच्या जमिनीच्या रेषा क्षितिजरेषेवर नाही, तर तिच्या वर मिळतात, आणि उताराच्या तिच्या खाली. सपाट जमिनीची जाळी चढावर टाकली की पेव्हर ब्लॉक मातीत शिरल्यासारखे दिसतात. अशा वेळी फोटो काढण्याआधीच प्लॉटवर चुन्याने 10 बाय 10 फुटांचा चौरस आखून ठेवावा. त्याचे चार कोपरे फोटोत आले की चढ कितीही असला तरी जाळी त्यांच्यावरच बसवता येते. मात्र जमीन मध्येच वळण घेत असेल, तर दोन चौरस आखून दोन वेगळ्या जाळ्या बसवाव्या लागतात.