आठपट घाईतला दिवा

प्रॅक्टिकल परीक्षेत एका मुलीने चिठ्ठी उचलली. ‘टायमर ० वापरून पोर्ट १ च्या पहिल्या पिनवरचा एलईडी दर अर्ध्या सेकंदाला चालू-बंद करा.’ याहून सोपी चिठ्ठी डब्यात नव्हती. तिने प्रोग्रॅम लिहिला, एकही एरर न येता तो असेंबल झाला, चिप बर्न करून किटवर बसवली आणि एलईडी लुकलुकण्याऐवजी थरथरायला लागला. तिने आकडे बदलून पाहिले, वायरी हलवून पाहिल्या. एक्स्टर्नल सर शांतपणे म्हणाले, “साधारण कितीपट जोरात चालतोय, सांगता येईल?” तिला सांगता आलं नाही. उत्तर होतं आठपट. तो आठचा आकडा सापडला असता, तर चूक कुठल्या ओळीत आहे तेही तिथल्या तिथे कळलं असतं.

मी पॉलिटेक्निकमध्ये मायक्रोकंट्रोलरचं प्रॅक्टिकल घेते. परीक्षेला आठवडा उरला की काही मुलं हमखास दाराशी येतात. पोर्टवर एलईडी लावणं त्यांना जमतं, पण रजिस्टर आणि टायमर कोरे राहिलेले असतात. हातात जर्नल असतं आणि एका आठवड्यात त्यातले सगळे प्रयोग पाठ करायचा बेत असतो. तो बेत मी मोडते. आठवडाभर एकच प्रोग्रॅम घ्यायचा, हाच थरथरणाऱ्या दिव्याचा. चिप आपल्या अभ्यासक्रमातली जुनीच, इंटेलने १९८० साली आणलेली ८०५१. परीक्षा शनिवारी धरली तर हाताशी रविवार ते शुक्रवार उरतात.

रविवारी संगणक सुरूच करायचा नाही. कागद आणि पेन्सिल पुरे. रजिस्टर या शब्दाला मुलं उगाच बिचकतात. ८०५१ मधलं असं रजिस्टर म्हणजे आठ बटणांचा स्विचबोर्ड, बटण चालू असेल तर १, बंद असेल तर ०. टायमर ० साठी असे चार बोर्ड लागतात. टायमर कोणत्या पद्धतीने चालायचा ते `TMOD` मध्ये ठरतं. तो सुरू-बंद करायचं बटण `TCON` मध्ये असतं आणि टायमर भरला की निशाणही तिथेच वर होतं. प्रत्यक्ष मोजणी `TH0` आणि `TL0` या जोडीत होते.

घोळ बहुतेक वेळा `TMOD` चा असतो. त्याची डावीकडची चार बटणं टायमर १ ची, उजवीकडची चार टायमर ० ची, आणि दोन्हीकडे क्रम एकच: GATE, C/T, M1, M0. आपल्याला बाहेरच्या पिनची परवानगी नको, म्हणून GATE शून्य. आतल्या घड्याळाचेच ठोके मोजायचे, म्हणून C/T शून्य. सोळा बिटांचा मोड १ हवा, म्हणून M1 शून्य आणि M0 एक. टायमर १ वापरत नाही, तेव्हा त्याची चारही बटणं बंद. उत्तर `01H`. हे वाचून सोडायचं नाही. आठ चौकोन आखून टायमर १ मोड २ मध्ये, मग दोन्ही टायमर एकदम, असं आठ-दहा वेळा भरायचं. पहिल्याचं उत्तर `20H` येतं. टायमर १ मोड २ आणि टायमर ० मोड १, असे दोन्ही हवे असतील तर `21H`.

इथेच तोंडी परीक्षेतला एक लाडका प्रश्न येतो. टायमर सुरू करायला `SETB TR0` चालतं, मग M0 हे बटण एकटंच का दाबता येत नाही? कारण या वरच्या रजिस्टरांपैकी ज्यांच्या पत्त्याला आठने नि:शेष भाग जातो, त्यांचीच बटणं सुटी हाताळता येतात. `TCON` चा पत्ता 88H आहे, `TMOD` चा 89H. म्हणून `TMOD` मध्ये आठही बटणांचा आकडा एकदम भरावा लागतो.

सोमवार हिशेबाचा. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा आठवा. सगळे नऊ झाले की पुढच्या किलोमीटरला तो शून्यावर येतो. आपला टायमर ६५,५३५ पर्यंत मोजतो, पुढच्या ठोक्याला शून्यावर येतो आणि त्या क्षणी `TF0` हे निशाण वर करतो. त्याला ‘इतके ठोके मोज’ असं सांगता येत नाही. तेवढेच ठोके उरतील अशा जागेपासून त्याला सुरू करावं लागतं.

किटवर बहुधा ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. मूळ ८०५१ दर बारा स्पंदनांमागे एक ठोका मोजते, म्हणजे सेकंदाला ९,२१,६०० ठोके. ५० मिलिसेकंदांत त्यातले ४६,०८० होतात. ६५,५३६ मधून ते वजा केले की १९,४५६ उरतात. याला २५६ ने भागलं की भागाकार ७६, बाकी शून्य. ७६ म्हणजे चार सोळे आणि वर बारा, हेक्समध्ये `4C`. झालं, `TH0` मध्ये `4C` आणि `TL0` मध्ये `00`. अर्धा सेकंद एका दमात होणार नाही, कारण शून्यापासून मोजलं तरी टायमर सुमारे ७१ मिलिसेकंदांत भरतो. म्हणून ५० मिलिसेकंद दहा वेळा.

या क्रिस्टलची एक गंमत मुलांना सांगितली की हिशेब अंगवळणी पडतो. दहा मिलिसेकंदांत ९,२१६ ठोके होतात, म्हणजे बरोबर ३६ गुणिले २५६. त्यामुळे दहाच्या पटीतल्या कुठल्याही वेळेला `TL0` शून्यच येतं. २० मिलिसेकंदांना २५६ मधून ७२ वजा करा, १८४ राहतात, म्हणजे `B8`. ही युक्ती ७० मिलिसेकंदांपर्यंत आणि याच क्रिस्टलला चालते. परीक्षेत मात्र पूर्ण हिशेबच लिहावा.

मंगळवारी हा प्रोग्रॅम न बघता लिहिता आला पाहिजे, प्रत्येक ओळ का आहे ते मोठ्याने सांगत.

```
       ORG  0000H
       MOV  TMOD,#01H
AGAIN: CPL  P1.0
       MOV  R2,#10
TICK:  MOV  TH0,#4CH
       MOV  TL0,#00H
       SETB TR0
       JNB  TF0,$
       CLR  TR0
       CLR  TF0
       DJNZ R2,TICK
       SJMP AGAIN
       END
```

मग कीलमध्ये तो चालवायचा. त्याआधी टार्गेटच्या ऑप्शन्समध्ये Xtal च्या चौकटीत 11.0592 भरा, ही पायरी मुलं सर्रास विसरतात. डीबग सुरू करून `CPL` च्या ओळीवर ब्रेकपॉइंट ठेवा आणि रजिस्टरच्या खिडकीत `sec` समोरचा आकडा दोन थांब्यांना टिपून घ्या. फरक ०.५००१ च्या आसपास यायला हवा. वरचा तो किंचित वेळ टायमर पुन्हा भरण्यात आणि बाकीच्या सूचनांत जातो. फरक ०.४६ आला, तर प्रोग्रॅमला हात लावू नका, Xtal च्या चौकटीत १२ राहिलंय. ०.२३ आला, तर २४.

बुधवार आणि गुरुवार हे दोन दिवस मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. आता चालणारा प्रोग्रॅम मुद्दाम बिघडवायचा. एका वेळी एकच चूक, आणि दिवा कसा वागतो ते वहीत लिहायचं.

पहिली चूक त्या मुलीची. `MOV TMOD,#01H` मधला हॅश काढा. असेंबलर तक्रार करत नाही, कारण वाक्य बरोबरच आहे, फक्त त्याचा अर्थ बदललाय: ‘०१ हा आकडा भर’ ऐवजी ‘०१ या पत्त्यावर जे असेल ते भर’. तो पत्ता सुरुवातीला R1 चा असतो. सिम्युलेटरमध्ये तिथे शून्य असतं, म्हणून `TMOD` शून्य होतं आणि टायमर मोड ० मध्ये जातो. हा मोड तेरा बिटांचा. `TL0` ची खालची पाचच बटणं मोजणीत येतात, आणि टायमर ८,१९२ व्या ठोक्याला भरतो. `4C` म्हणजे ७६, गुणिले ३२, म्हणजे सुरुवात २,४३२ पासून. उरले ५,७६० ठोके, म्हणजे ६.२५ मिलिसेकंद. पन्नासचा बरोबर आठवा भाग! म्हणून दिवा आठपट घाईत. प्रत्यक्ष चिपमध्ये वीज आल्यावर R1 मध्ये काहीही असू शकतं, त्यामुळे तिथे वागणूक वेगळीही दिसते. आठपट मात्र आणखी एका चुकीने होतं: `#01H` ऐवजी `#10H`. तेव्हा मोड १ मिळतो टायमर १ ला आणि आपला टायमर ० मोड ० मध्येच राहतो. म्हणजे दिवा आठपट दिसला की नजर थेट `TMOD` च्या ओळीवर गेली पाहिजे.

दुसरी चूक, `CLR TF0` गाळा. निशाण एकदा वर झालं की कोणी खाली घेत नाही. पुढच्या प्रत्येक वेळी `JNB` ला ते वरच दिसतं आणि तो न थांबता पुढे सरकतो. एलईडी इतक्या वेगाने चालू-बंद होतो की डोळ्याला तो जरा मंद पण अखंड पेटलेला दिसतो. मुलं म्हणतात, ‘मॅडम, ब्लिंकच होत नाहीये.’ होत असतं, दिसत नसतं.

तिसरी चूक अशी की `TICK` हे लेबल दोन ओळी खाली, `SETB TR0` पाशी सरकवा. आता `TH0` पुन्हा भरलं जात नाही. पहिला फेरा ५० मिलिसेकंदांचा, पुढचे नऊ शून्यापासून, म्हणजे सुमारे ७१ चे. बेरीज ६९० मिलिसेकंदांच्या आसपास. पुढच्या वेळी `AGAIN` कडून आलं की ते पुन्हा एकदा भरलं जातं, म्हणून दर वेळी बेरीज तीच. ही चूक वाईट, कारण दिवा लुकलुकतो आणि सगळं ठीक वाटतं. सरांनी घड्याळ काढलं की मग पंचाईत. वीस उघडझाप मोजून सेकंदाचा काटा पाहा. वीस चालू आणि वीस बंद मिळून वीस सेकंद लागायला हवेत. अठ्ठावीस लागले तर ही चूक.

`SETB TR0` गाळल्यावर काय होतं ते सांगायची गरज नाही. डीबगरचा पिवळा बाण `JNB` वर बसून राहतो.

शुक्रवारी सिरियल पोर्टकडे एक नजर. त्यातही आपलाच टायमर १, मोड २ मध्ये. ९,२१,६०० ला ३२ ने भागलं की २८,८००, आणि ९,६०० चा वेग हवा तर भागिले तीन. म्हणून `TH1` मध्ये उणे तीन, अर्थात `FDH`. क्रिस्टलचा विचित्र आकडा कुठून आला, हे इथे उमगतं. १२ मेगाहर्ट्झचा घेतला असता तर हा भागाकार पूर्णांकात आला नसता. दुपारनंतर नवीन काही वाचू नका, फक्त चारही चुकांची वही एकदा उलटा.

आणि शनिवारी प्रयोगशाळेत गेल्यावर प्रोग्रॅमच्या आधी किटवरचा तो चंदेरी क्रिस्टल वाकून वाचा. त्यावर १२ छापलेलं असेल, तर ५० मिलिसेकंदांना बरोबर ५०,००० ठोके, उरलेले १५,५३६, आणि भरायचा आकडा `3CB0`. पाठ केलेलं `4C00` त्या किटवर अर्ध्या सेकंदाऐवजी ०.४६ सेकंद देईल, आणि डोळ्याला फरक कळणार नाही.