जुनी फाईल, नवा रकाना

समजा, साखर कामगारांच्या एका संघटनेने सभासदांची नोंद संगणकावर ठेवली आहे. प्रत्येक ओळीत तीन रकाने: नाव, खाते, वर्गणी. २०१४ साली भविष्य निर्वाह निधीचा बारा अंकी यूएएन आला, म्हणून नव्या प्रोग्रॅममध्ये वर्गणीच्या अगोदर त्याचा रकाना घातला. हा प्रोग्रॅम रकाने मोजून वाचतो. जुनी फाईल उघडताच वर्गणीचे ५० रुपये यूएएनच्या जागी गेले, वर्गणी शून्य दिसू लागली आणि प्रामाणिक सभासद थकबाकीदार ठरले! फाईल उघडलीच नसती तर पत्करले असते.

म्हणून फाईलच्या आरंभीच आवृत्तीचा क्रमांक लिहावा व प्रोग्रॅमने तो सर्वांआधी वाचावा. क्रमांकच नसेल तर ती पहिली आवृत्ती समजावी. मग फाईलची प्रत बाजूला ठेवून ‘१ ते २’ ही पायरी चालवावी. ती वर्गणी एक घर पुढे सरकवते आणि मोकळ्या जागी ‘अज्ञात’ लिहिते. तेथे शून्य लिहू नये, कारण तेही उत्तरच वाटते. पुढे तिसरी आवृत्ती आली तर जुन्या पायरीला हात न लावता ‘२ ते ३’ तेवढी जोडावी. पहिली फाईल दोन्ही पायऱ्या चढून येईल. उलट, फाईलचा क्रमांक प्रोग्रॅमहून मोठा असेल, तर त्याने ती उघडूच नये. अनोळखी रकाना तो जतन करताना गाळून टाकील.