चार पदं, दोन ओळी

गणिताच्या पुस्तकावर मोबाइल धरला आणि बटण दाबलं की उत्तर पायऱ्यांसकट पडद्यावर येतं. क्रोएशियात तयार झालेलं फोटोमॅथ २०१४ साली बाजारात आलं, त्यानंतर अशी अ‍ॅप्स घरोघरी पोचली. आठवी-नववीच्या मुलांचे पालकही आता ती सर्रास वापरतात. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं. प्रश्न असतो तो वाटेचा. जी बहुपदी दोन ओळींत सुटते, तिच्यासाठी कधीकधी पानभर मांडणी येते. आणि फोटोत एखादं चिन्ह चुकीचं वाचलं गेलं असेल, तर ती पानभर मांडणी भलत्याच गणिताची असते.

उदाहरणादाखल ही बहुपदी घेऊ:

x³ − 3x² − 4x + 12

हिचे अवयव पाडण्याची एक राजमार्गी पद्धत आहे, कारण ती जवळपास कुठल्याही बहुपदीवर चालवून बघता येते. शेवटच्या 12 चे विभाजक घ्यायचे: 1, 2, 3, 4, 6, 12, आणि प्रत्येकाचं धन व ऋण रूप. म्हणजे बारा उमेदवार झाले. एकेक किंमत x च्या जागी घालून बघायची. 1 घातल्यावर 6 उरतात, −1 घातल्यावर 12, आणि 2 घातल्यावर शून्य. म्हणजे (x − 2) हा एक अवयव. मग संश्लेषक पद्धतीने भागाकार करायचा, x² − x − 6 मिळवायचं, मधल्या पदाची फोड करायची आणि मग कुठे उरलेले दोन अवयव हाती येतात. यात चूक काहीच नाही. यंत्राला एकच वाट सगळीकडे चालवायची असते, त्यामुळे लांबच्या वाटेचं त्याला काही वाटत नाही.

डोळ्यांनी पाहणाऱ्याला मात्र वेगळं काही दिसू शकतं. पहिल्या दोन पदांचा एक गट करू, शेवटच्या दोन पदांचा दुसरा. पहिल्या गटातून x² सामाईक निघतो, दुसऱ्यातून −4:

x²(x − 3) − 4(x − 3) = (x − 3)(x² − 4)

आता x² − 4 म्हणजे दोन वर्गांची वजाबाकी. विस्तार सूत्रांमधलं a² − b² = (a + b)(a − b) हे सूत्र इथे उलट वाचायचं, की उत्तर मिळालं: (x − 3)(x − 2)(x + 2). बारा किमती तपासणं नको आणि भागाकारही नको.

या मांडणीत मुलं हमखास अडखळतात ती दुसऱ्या गटात. −4x + 12 मधून −4 बाहेर काढला की आत x − 3 उरतो, x + 3 नव्हे. कंसात चिन्ह बदलायचं राहिलं की दोन्ही कंस जुळत नाहीत, आणि मग ‘गट पडतच नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो.

गट पडतील की नाही, हे लिहायला बसण्याआधीच कळू शकतं. पदं उतरत्या घातांकाने मांडायची आणि टोकाच्या दोन सहगुणकांचा गुणाकार मधल्या दोन सहगुणकांच्या गुणाकाराशी ताडून बघायचा. इथे टोकांचा गुणाकार 1 × 12 आणि मधल्यांचा (−3) × (−4). दोन्ही 12, म्हणून दोन-दोनचे गट जुळणारच. गट पडतात तेव्हा पहिल्या दोन सहगुणकांचं आणि शेवटच्या दोन सहगुणकांचं गुणोत्तर सारखंच असतं, आणि हा ताळा म्हणजे त्याच गुणोत्तराचा तिरकस गुणाकार.

फोटोच्या बाबतीत या ताळ्याचा दुहेरी उपयोग होतो. मूळ गणित गट पडणारं असेल आणि वाचताना एकाच सहगुणकाची किंवा एकाच चिन्हाची गडबड झाली असेल, तर ताळा मोडतोच. समजा सावलीमुळे +12 चं −12 झालं. मग टोकांचा गुणाकार −12 आणि मधल्यांचा 12. पुस्तकातलं प्रकरण ‘गट करून अवयव पाडा’ असं असेल, तर पेन उचलण्याआधी पडद्यावरची ओळ पुस्तकाशी पुन्हा पडताळून बघावी. दोन चिन्हं एकदम बदलली तर मात्र हा पहारेकरी फसतो. x³ + 3x² + 4x + 12 हीसुद्धा तितक्याच ऐटीत ताळ्यातून पार होते, पण तिचे अवयव (x + 3)(x² + 4) असे निराळेच येतात.

सगळ्यात वाईट खोडी घातांकाची. पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वाकलेलं असतं, तिथला बारीकसा 2 कॅमेऱ्यातून निसटतो आणि 3x² चं 3x होतं. मग −3x आणि −4x एकत्र होऊन x³ − 7x + 12 उरतं. चार पदांची तीन झाली! या बहुपदीला एकही परिमेय मूळ नाही. तिचं एकमेव वास्तव मूळ −3 आणि −4 यांच्या मध्ये कुठेतरी येतं आणि पडद्यावर लांबलचक दशांश दिसतात. शाळेच्या पुस्तकातल्या अवयवांच्या गणिताचं उत्तर असं दशांशात आलं, तर शंका आधी फोटोवर घ्यावी.

दोन-दोनचे गट हा काही नियम नव्हे. 4x² + 12x + 9 − 25y² इथे तसे गट करणारा 4x(x + 3) वर येऊन थांबतो, पुढे वाटच नाही. इथे पहिली तीन पदं एकत्र हवीत, कारण ती (2x + 3)² हा पूर्ण वर्ग आहे. त्यातून (5y)² वजा होतोय, म्हणून पुन्हा तेच सूत्र लावून (2x + 3 − 5y)(2x + 3 + 5y). सुरुवातीला आणि शेवटी वर्गसंख्या दिसल्या, की मधलं पद त्यांच्या मुळांच्या गुणाकाराच्या दुप्पट आहे का, एवढं बघायची सवय हवी.

आणि कधी ताळा जुळत नसूनही फोटो अगदी बरोबर असतो. x³ + 6x² + 11x + 6 मध्ये टोकांचा गुणाकार 6 आणि मधल्यांचा 66. तरीही 6x² ची फोड x² + 5x² आणि 11x ची 5x + 6x अशी केली, तर तीन गट पडतात आणि प्रत्येकात (x + 1) येतो. शेवटी (x + 1)(x + 2)(x + 3). पण ही फोड सुचायला हवी. नाही सुचली तर विभाजक तपासण्याची लांबची पद्धतच बरी, तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही.

सूत्राने काम आखूड करण्याची ही खोड जुनी आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, 297 चा वर्ग काढायला दिला आहे. त्यासाठी तिथे सांगितलेल्या रीतींपैकी एक अशी: संख्येतून सोयीचा आकडा वजा करा, तोच तिच्यात मिळवा, दोघांचा गुणाकार करा आणि त्या आकड्याचा वर्ग मिळवा. 3 घेतला तर 294 × 300 + 9, म्हणजे 88,209. वर्गांतराचंच सूत्र, फक्त मांडणी बदललेली.

उत्तराची खात्री करायला x च्या जागी एखादी किंमत घालून बघतात. ती निवडताना एक पथ्य पाळावं: कुठलाही अवयव शून्य होऊ देऊ नये. वरच्या दुसऱ्या उदाहरणात x आणि y दोन्ही 1 घेतले तर पहिला कंस शून्य होतो. मग दुसऱ्या कंसात काहीही चुकलेलं असो, ताळा जुळल्यासारखाच दिसतो. शाळेच्या गणितात 10 ही किंमत बहुधा सोयीची पडते. आपल्या पहिल्या बहुपदीत ती घातली तर 1000 − 300 − 40 + 12 = 672, आणि अवयवांकडून 7 × 8 × 12 = 672. मात्र ही किंमत पडद्यावरच्या ओळीत न घालता छापील पुस्तकातल्या ओळीत घालावी, नाहीतर चुकीचा वाचलेला फोटोही या परीक्षेत पास होईल.