मेलमधले शालजोडीतले

‘ॲज पर माय लास्ट मेल...’ एवढे चार-पाच शब्द वाचले की नोकरदार माणसाला कळते, आता शालजोडीतला बसणार. वरवर पाहता मजकूर सभ्य असतो आणि तक्रार करायला जागा नसते. पण ‘आधी सांगितलेले तुम्ही वाचलेले नाही’ हा टोमणा बरोबर पोहोचतो. अडोबी कंपनीने 2018 मध्ये अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांना मेलमधली सर्वांत चीड आणणारी वाक्ये विचारली, तेव्हा ‘तुम्ही माझा मागचा मेल पाहिलात की नाही कोण जाणे’ या अर्थाचे वाक्य पहिले आले. ‘पर माय लास्ट मेल’ही त्या यादीत होतेच.

मागच्या पत्राचा हवाला देणे यात वाईट काही नाही. आपल्या सरकारी पत्रांत वरच ‘संदर्भ : आपले पत्र क्र. अमुक, दिनांक तमुक’ अशी ओळ असते. तिने कुणी दुखावत नाही, कारण ती कागद शोधायला मदत करते. ‘मागच्या मेलमध्ये सांगितल्याप्रमाणे’ हे वाक्य मात्र मेल कुठला ते सांगत नाही आणि त्यातली माहितीही पुन्हा देत नाही. वाचणाऱ्याच्या हाती उरतो तो फक्त ठपका.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खरेदी विभागातल्या बाईंनी 3 जूनला साइटवरच्या इंजिनिअरना मेल केला. त्यात आधी गोदामाचे, मग जुन्या बिलाचे आणि शेवटच्या परिच्छेदात नव्या पंपाच्या दराचे लिहिले होते. 9 जूनला इंजिनिअरनी विचारले, ‘पंपाचा दर कळवा.’ बाईंनी उत्तर दिले, ‘ॲज पर माय लास्ट मेल, दर आधीच दिलेला आहे. कृपया ट्रेल मेल नीट वाचावा.’

हेच उत्तर असेही लिहिता आले असते : ‘पंपाचा दर 48,500 रुपये, जीएसटी वेगळा (3 जूनच्या मेलमधले कोटेशन सोबत पुन्हा जोडले आहे). हा दर 20 जूनपर्यंतच आहे. तुमची मंजुरी गुरुवारी दुपारी चारपर्यंत मिळाली, तर शुक्रवारी ऑर्डर काढते.’

इथे ‘कृपया’ वाढवलेले नाही, उलट ते गेलेच आहे. आकडा पुन्हा दिला, मेलची तारीख दिली, आणि पुढे कुणी काय कधीपर्यंत करायचे ते सांगितले. पहिले उत्तर इंजिनिअरच्या चुकीबद्दल होते, दुसरे पंपाबद्दल आहे. शिवाय पहिल्या मेलमध्ये दर शेवटच्या परिच्छेदात दडला होता. तीन विषयांचे तीन वेगळे मेल केले असते, तर कदाचित हा प्रश्न आलाच नसता.

बोचणारे शब्द ओळखायची सोपी खूण आहे. ‘आधीच’, ‘पुन्हा एकदा’, ‘अजूनही’, ‘वारंवार’, ‘नीट’ हे शब्द खोडून वाक्य वाचावे. माहिती तेवढीच राहिली, तर ते शब्द फक्त टोचायला आले होते. लिहिणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण त्याच्या कानात स्वतःचा मऊ आवाज असतो. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले. आपला सूर, म्हणजे चेष्टा की गांभीर्य, मेलवरून समोरच्याला सहज कळेल असा लिहिणाऱ्यांचा भरवसा होता. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचे अंदाज छापा-काट्यापेक्षा फारसे बरे नव्हते.

‘जेंटल रिमाइंडर’चेही असेच आहे. कशाची आठवण, कधीपर्यंत आणि उशीर झाला तर काय अडेल, हे लिहिले तर ‘जेंटल’ची गरज उरत नाही. साहेबांना सीसीत घालणे म्हणजे तर लेकी बोले सुने लागे! त्यांना ठेवणे खरोखर गरजेचे असेल तर कारण लिहावे : ‘या खर्चाला साहेबांची मंजुरी लागते, म्हणून त्यांना सीसीत ठेवले आहे.’ लिहिण्याजोगे कारण सापडत नसेल, तर त्यांचे नाव काढून टाकावे.

सरळ लिहिले म्हणून समोरचा उत्तर देईलच असे नाही. दोनदा विचारूनही उत्तर आले नाही, तर आधी फोन करावा. तरीही काम अडले, तर वरिष्ठांना उघडपणे कळवावे : ‘3 आणि 9 जूनच्या मेलला आणि 11 जूनच्या फोननंतर मंजुरी मिळालेली नाही. 20 जूननंतर हा दर मिळणार नाही.’ ही कडक भाषा आहे, पण तिच्यात टोमणा नाही. उद्या उशीर कुठे झाला असा प्रश्न निघालाच, तर टोमण्यांनी भरलेल्या मेलपेक्षा हा तारखांचा मेल जास्त उपयोगी पडतो.