लाइट गेल्यावर मशीन लावायचं तर

लाइट नसताना वॉशिंग मशीन इन्व्हर्टरवर लावायचा विषय निघाला, की घरात पहिली काळजी बॅटरीची असते. धुणं उरकेल, पण रात्री पंख्याला काही उरेल का? खरं तर बॅटरी त्यात क्वचितच रिकामी होते. काम अडतं ते दोन ठिकाणी: मोटर सुरू होते त्या क्षणी, आणि मशीनमध्ये पाणी तापवणारा हीटर असेल तर त्या हीटरपाशी.

आपल्याकडे घरोघरी दिसणारी जोडी उदाहरणाला घेऊ. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर, १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी आणि दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन. मशीनच्या मागच्या पट्टीवर धुण्याची मोटर ३५० वॅटची आणि ड्रायरची १५० वॅटची लिहिलेली आहे. ९०० व्हीए म्हणजे ९०० वॅट नव्हेत. अशा इन्व्हर्टरमधून साधारण ७०० वॅटच मिळतात. बॅटरीचं गणित कागदावर १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॅट-तास होतं. पण हा आकडा बॅटरी वीस तास सावकाश वापरली तर मिळणारा आहे. भराभर वीज ओढली की ती कमी देते, शिवाय इन्व्हर्टरही थोडी खातो. हाती एक युनिटच्या आसपास धरावं.

आता धुण्याचा हिशोब. एक घाणा बारा मिनिटं धुतला आणि पाच मिनिटं ड्रायरमध्ये फिरवला, तर ऐंशी-पंच्याऐंशी वॅट-तास लागतात. असे तीन घाणे काढले तरी पाव युनिट होतं. म्हणजे तीन हिस्से बॅटरी शिल्लक राहते.

मग मशीन लावताच इन्व्हर्टर शिट्टी वाजवून बंद का पडतो? साधी इंडक्शन मोटर थांबलेल्या स्थितीतून फिरायला लागते तेव्हा काही क्षण चालू स्थितीच्या तीन ते पाच पट करंट ओढते. ३५० वॅटची मोटर त्या क्षणी सहज हजार-दीड हजाराची मागणी करते. एकदाच असतं तर निभावलं असतं, पण सेमी-ऑटोमॅटिकमध्ये कपडे घुसळण्यासाठी मोटर काही सेकंद उजवीकडे फिरते, थांबते आणि डावीकडे फिरते. दर वेळी नवा धक्का. टबात कपडे ठासून भरलेले असतील तर मोटरला वेग घ्यायला उशीर लागतो आणि धक्का लांबतो. वर दोन पंखे, चार दिवे, वायफायचा डबा असा दोनशे वॅटचा लोड आधीच असतो. म्हणून ९०० व्हीएवर सेमी-ऑटोमॅटिक चालतं, पण काठावर. पंखे बंद ठेवावेत आणि टब अर्ध्याहून थोडाच जास्त भरावा. नवा इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर दोन बॅटऱ्यांचा, १५०० व्हीए किंवा त्यापुढचा घ्यावा. त्यात हा प्रश्न उरत नाही.

बंद पडण्याचं कारण इन्व्हर्टर स्वतःच सांगतो. ओव्हरलोडचा दिवा लागला तर इन्व्हर्टर लहान पडतोय. बॅटरी पूर्ण चार्ज असूनही मोटर सुरू होताच लो-बॅटरीचा दिवा लागला, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर आहे. धक्क्याच्या क्षणी बॅटरीतून शंभराहून जास्त अँपिअर वाहतात. टर्मिनल सैल असेल किंवा त्यावर क्षार चढला असेल, तर तेवढ्यात व्होल्टेज साडेदहाच्या खाली जातं आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला थांबतो. टर्मिनल गरम पाण्याने साफ करून, आवळून, व्हॅसलीन लावून पाहावं. तरीही तेच झालं तर बॅटरी म्हातारी झाली आहे. पंखे-दिवे ती आणखी काही महिने ओढेल, मोटर नाही. आणि इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर मशीन लावूच नये. मोटर घुमते, तापते, कपडे नीट फिरत नाहीत. प्युअर साइन वेव्हवर मोटरचा आवाज घरच्या लाइटवर असतो तसाच येतो.

फ्रंट लोडची गोष्ट उलटी आहे. त्याच्या पट्टीवर २००० वॅट किंवा जास्त पाहून लोक घाबरतात, पण त्यातला मोठा वाटा हीटरचा असतो. मोटर इलेक्ट्रॉनिक सर्किटवर हळूहळू वेग घेते, त्यामुळे तिचा धक्का सेमी-ऑटोमॅटिकपेक्षा सौम्य असतो. थंड पाण्यावर असं मशीन मध्यम इन्व्हर्टरवरही चालून जातं. मात्र तापमान खरोखर ‘कोल्ड’वर आहे ना, हे बघावंच लागतं, कारण बरेच प्रोग्रॅम आपणहून ४० किंवा ६० अंश धरतात. आणि टब साफ करायचा प्रोग्रॅम तर बहुधा गरम पाण्याचाच असतो. पंधरा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला अर्ध्याहून अधिक युनिट लागतं, आणि तेवढा वेळ १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ दोनशे अँपिअर ओढावे लागतील. एका बॅटरीचं ते काम नव्हे. गरम धुण्यासाठी तीन-साडेतीन केव्हीएचा इन्व्हर्टर आणि सहसा चार बॅटऱ्या हव्यात. एवढा खर्च केवळ धुण्यासाठी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गरम धुणं लाइट येईपर्यंत थांबू शकतं.

एक चूक मात्र लाइट असतानाच होते. वायरमनला सांगून फ्रंट लोडचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, की लाइट असतानाही मशीनचा सगळा करंट इन्व्हर्टरच्या आतल्या रिलेमधून जातो, आणि त्याच वेळी बॅटरीही चार्ज होत असते. हीटर लागला की इन्व्हर्टरचा एमसीबी पडतो, किंवा रिले जळतो. हीटर चालू असताना लाइट गेली तर इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन घरातले दिवेही विझतात. म्हणून मशीनसाठी इन्व्हर्टरचा वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट ठेवावा आणि प्लग गरजेपुरताच तिथे बदलावा. त्या पॉइंटला अर्थिंग हवंच. ओल्या हाताला मशीनच्या पत्र्यावर झिणझिण्या आल्या तर आधी प्लग काढावा आणि मग वायरमनला बोलवावं.

जनरेटर असेल तर त्याच्यावरचा मोठा अक्षरांतला आकडा सोडून ‘रेटेड’ आकडा वाचावा. ‘मॅक्स’ लिहिलेली ताकद थोडाच वेळ मिळते. सेमी-ऑटोमॅटिकला दोन केव्हीए बरा, गरम पाण्याच्या फ्रंट लोडला रेटेड तीन केव्हीए. लहान जनरेटरवर मोटरचा धक्का बसला की इंजिनाचा वेग पडतो. वेग पडला की व्होल्टेज आणि हर्ट्झ दोन्ही खाली येतात. घरातले दिवे दर फिरकीला लुकलुकत असतील तर तेच होतंय, आणि मशीनचं कार्ड त्याने जाऊ शकतं.

जनरेटर गॅलरीत, जिन्याखाली किंवा खिडकीलगत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. दोन टोकांना प्लग लावलेली वायर करून घरातल्या सॉकेटमधून उलटी वीज सोडण्याची युक्ती काही जण करतात. ती वीज मीटरमधून बाहेर खांबापर्यंत जाते आणि दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. मशीन थेट जनरेटरच्या सॉकेटवर लावावं, नाहीतर चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. इंजिन दोन-चार मिनिटं चालून स्थिर झालं की मग प्लग घालावा, आणि पेट्रोल संपत आल्याची चाहूल लागताच आधी मशीन थांबवून प्लग काढावा, कारण शेवटच्या आचक्यांत व्होल्टेज सर्वांत जास्त खालीवर होतं.