जानेवारीत जन्मलेल्यांचा पगार

एक वर्ष जास्त शिकल्याने कमाई किती वाढते? अमेरिकेच्या १९८० च्या जनगणनेत याचं एक सरळ उत्तर मिळतं. १९३० ते १९३९ या काळात जन्मलेले पुरुष घेतले आणि त्यांची शिक्षणाची वर्षं व आठवड्याची कमाई शेजारी शेजारी मांडली, तर शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाई सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दिसते.

हे ७ टक्के शाळेने दिले, असं मात्र एवढ्यावरून म्हणता येत नाही. नववीत शाळा सोडलेला आणि पदवी घेतलेला, या दोघांत फरक फक्त वर्गात बसलेल्या वर्षांचा नसतो. एकाच्या घरी पुस्तकं होती, वडिलांची ओळखपाळख होती, अभ्यासात डोकं चालत होतं. दुसऱ्याला लवकर कामाला लागावं लागलं. ज्या गोष्टींमुळे पहिला जास्त शिकला, त्याच गोष्टींमुळे तो शाळेत न जाताही कदाचित जास्त कमावता. अर्थशास्त्रात या गुंत्याला एंडोजेनिटी म्हणतात. ज्या कारणाचा परिणाम मोजायचा, ते कारणच न दिसणाऱ्या इतर गोष्टींनी ठरवलेलं असतं. लाखोंऐवजी कोटी माणसं मोजली तरी हा गुंता सुटत नाही, कारण चूक माणसं कमी पडल्याची नाही. चूक तुलनेतच आहे.

मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून काहींना शाळेतून लवकर काढता आलं असतं, तर प्रश्न मिटला असता. ते कुणी करणार नाही आणि करूही नये. मग अशी एखादी गोष्ट शोधावी लागते, जी मुलाला शाळेत थोडी जास्त किंवा थोडी कमी वर्षं ठेवते, पण त्याची हुशारी आणि घरची ऐपत यांच्याशी तिचा संबंध नाही आणि शाळेखेरीज दुसऱ्या कोणत्याही वाटेने ती पगारापर्यंत पोचत नाही. अशा गोष्टीला इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल, म्हणजे साधन-चल, म्हणतात.

जोशुआ अँग्रिस्ट आणि ॲलन क्रूगर यांनी १९९१ मध्ये असं एक साधन पुढे आणलं: माणूस वर्षाच्या कोणत्या तिमाहीत जन्मला. जन्माच्या महिन्याचा शिक्षणाशी काय संबंध? तो कायद्यातून येतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शाळा सप्टेंबरात सुरू होई आणि येत्या १ जानेवारीपर्यंत सहा वर्षं पूर्ण करणाऱ्या मुलाला पहिलीत घेतलं जाई. शाळा सोडण्याची मुभा मात्र वर्गावर अवलंबून नव्हती, ती सोळाव्या वाढदिवसाला मिळे. आता दोन मुलं घ्या. जानेवारीत जन्मलेला सहा वर्षं आठ महिन्यांचा झाल्यावर शाळेत येतो. डिसेंबरात जन्मलेला पावणेसहा वर्षांचाच असताना येतो. दोघांनीही सोळावं लागताच दप्तर टाकलं, तर पहिल्याची शाळा सव्वानऊ वर्षांच्या आसपास झालेली असते आणि दुसऱ्याची सव्वादहा.

सगळीच मुलं सोळाव्या वर्षी शाळा सोडत नाहीत, म्हणून सरासरीत हा फरक अगदी बारीक उरतो. सुमारे ३ लाख ३० हजार पुरुषांच्या नोंदींत, जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांचं शिक्षण सरासरी १२.६९ वर्षं होतं आणि उरलेल्या महिन्यांत जन्मलेल्यांचं १२.८० वर्षं. अचूक फरक ०.१०९ वर्षाचा, म्हणजे जेमतेम चाळीस दिवसांचा. कमाईतही तसाच बारीक फरक होता. पहिल्या तिमाहीतले लोक सुमारे १.१ टक्का कमी कमवत होते.

पुढची पायरी एका भागाकाराची आहे. जन्माच्या महिन्याचा परिणाम फक्त शाळेवाटे पगारावर होत असेल, तर १.१ टक्का कमाई ०.१०९ वर्षाच्या शाळेमुळे गेली. पूर्ण एका वर्षाचा हिशेब केला की उत्तर येतं १०.२ टक्के. या आकड्याला अनिश्चितता मोठी आहे. खरं मूल्य साडेपाच ते पंधरा टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतं. सुरुवातीचे ७ टक्केही त्याच पट्ट्यात बसतात. त्यामुळे साधी तुलना कमी सांगते, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. हुशार आणि सधन मुलांमुळे ती फुगलेली असणार अशी जी दाट शंका होती, तिला इथे आधार मिळाला नाही, एवढंच म्हणता येतं. माझ्या मते तेही पुष्कळ आहे.

पण सगळा भार त्या 'फक्त शाळेवाटे'वर आहे. साधन शिक्षणाला हलवतं का, हे आकड्यांत दिसतं. त्याला दुसरी वाट नाही, हे आकड्यांतून थेट सिद्ध करता येत नाही. आडून तपासता मात्र येतं. पदवीपर्यंत शिकलेल्यांना सोळा वर्षांच्या कायद्याने अडवलेलं नसतं, तेव्हा त्यांच्या कमाईत जन्माच्या तिमाहीचा मागमूस दिसता कामा नये. अँग्रिस्ट आणि क्रूगर यांनी पाहिलं, तर तो दिसला नाही.

आपल्याकडच्या जुन्या पिढीत हेच साधन वापरायला गेलं, तर ते आधीच अडेल. कितीतरी जणांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी प्रवेशाच्या वयात बसेल अशी ती लिहिली. शाळेच्या सोयीने ठरलेली तारीख शाळेबाहेरची उरत नाही.

अमेरिकेतही शंका उरल्याच. केसी बकल्स आणि डॅनियल हंगरमन यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की तिथे हिवाळ्यात बाळंत होणाऱ्यांत किशोरवयीन, अविवाहित आणि कमी शिकलेल्या मातांचं प्रमाण जरा जास्त असतं. हा 'जरा' इथे फार महागात पडतो. आपण ०.१०९ या लहानशा आकड्याने भागतो आहोत. घरच्या परिस्थितीमुळे कमाईत एक दशांश टक्क्याचाही फरक शिरला, तर अंतिम उत्तर जवळपास एका टक्क्याने सरकतं. दुबळं साधन लहान चूक मोठी करून दाखवतं, ते असं.

दुबळेपणाचा आणखी एक सापळा याच अभ्यासाभोवती उघड झाला. नेमकेपणा वाढावा म्हणून मूळ लेखकांनी काही गणितांत तिमाही, जन्मवर्ष आणि राज्य यांच्या जोड्या करून १८० साधनं एकदम वापरली होती. जॉन बाउंड, डेव्हिड जेगर आणि रेजिना बेकर यांनी १९९५ मध्ये खऱ्या तिमाहीच्या जागी संगणकाने यादृच्छिक काढलेली तिमाही घातली. ज्यात माहितीच नाही अशा साधनाने उत्तर द्यायला नको होतं. तरीही पटण्याजोगं उत्तर आलं, तेही साध्या तुलनेच्या जवळचं. कारण माणसांचे इतके बारीक गट पाडले, की निव्वळ योगायोगाने काही गटांत जास्त शिकलेले लोक जमतात आणि त्यांच्यासोबत त्यांची हुशारी व घरची ऐपतही आत येते. टाळलेला गुंता मागच्या दाराने परततो. म्हणून आता उत्तराकडे पाहण्याआधी साधन शिक्षणाला किती जोराने हलवतं याची एफ-चाचणी पाहतात; ती दहाच्या खाली गेली तर सावध व्हायचं. वरच्या साध्या दोन-गटांच्या तुलनेत ती दहाच्या कितीतरी वर जाते, १८० साधनांच्या गणितात मात्र ती खाली येते.

आणि हे १० टक्के कुणाचे? अँग्रिस्ट आणि गुइडो इम्बेन्स यांनी १९९४ मध्ये याचं उत्तर नेमकं मांडलं. जन्माच्या महिन्याने ज्यांचं शिक्षण बदललं, त्यांचेच. जो मुलगा काहीही झालं तरी पदवी घेणार होता, तो जानेवारीत जन्मो वा डिसेंबरात, त्याच्याबद्दल हे साधन काहीच बोलत नाही. ते बोलतं सोळाव्या वाढदिवसाची वाट पाहत वर्गात बसलेल्या मुलाबद्दल, ज्याला कायद्याने आणखी काही महिने अडकवून ठेवलं. शाळा सोडण्याचं वय सोळावरून सतरावर न्यावं का, असं एखाद्या राज्याने विचारलं, तर हा आकडा कामाचा आहे. एम.ए. करावं की नोकरी धरावी, असं कुणी विचारलं, तर त्याला हा आकडा सांगू नये.