शटर ओढल्यावर फ्रीझरचं काय?

आइस्क्रीमच्या दुकानात रात्री साडेअकराला शटर ओढलं, की सकाळी दहापर्यंत डीप फ्रीझरकडे कुणी बघत नाही. समजा, एक वाजता वीज गेली आणि सहाला आली. सकाळी काट्यावर उणे १८ दिसतं, माल दगडासारखा कडक असतो, सगळं ठीक वाटतं. पण फ्रीझर अर्धा रिकामा असेल तर वरच्या थरातले कप मधल्या वेळात मऊ होऊन पुन्हा गोठलेले असतात. झाकण काढल्यावर माल खाली बसलेला दिसतो आणि जिभेला बर्फाचे कण लागतात. हे सांगतं गिऱ्हाईक, तेही दोन दिवसांनी.

वायफाय सेन्सर घेतात तो या मधल्या तासांसाठी. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिला एक बारीक वायर आणि वायरच्या टोकाला स्टीलची नळी, म्हणजे प्रोब. नळी आत ठेवायची आणि डबी बाहेर. डबीच आत टाकली तर पत्र्याच्या पेटीतून वायफाय नीट बाहेर येत नाही आणि साधे सेल थंडीत लवकर मान टाकतात. झाकणाच्या रबराखालून वायर जाते. मात्र ती चपटी हवी, नाहीतर फटीतून हवा शिरून कडेला बर्फ साचतो. बहुतेक सेन्सर २.४ गिगाहर्ट्झच्याच वायफायला जोडले जातात, तेव्हा राउटरवर ते चालू असल्याची खात्री करून घ्यावी. बसवण्याआधी पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून, ढवळून प्रोब बुडवावा. काही मिनिटांत आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. दोन अंशांचा फरक दिसला तर तो सेन्सर परत करावा.

प्रोब नुसता हवेत लोंबत ठेवला तर झाकण उघडल्याबरोबर आकडा चढतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये बर्फ वितळवायला हीटर आपोआप चालू होतो, तेव्हाही तेच. पहिल्या आठवड्यात असे दहा खोटे इशारे आले की दुकानदार ॲपचा आवाज बंद करतो आणि सेन्सर असून नसल्यासारखा होतो. म्हणून प्रोब ग्लायकॉल भरलेल्या छोट्या बाटलीत ठेवतात. त्यामुळे आकडा हवेचा नव्हे, मालाच्या जवळपासचा मिळतो. इशाऱ्याची मर्यादाही उणे १७ ठेवून चालत नाही. उणे १२च्या वर सलग अर्धा तास राहिलं तरच फोन वाजावा, अशी मांडणी आइस्क्रीमच्या फ्रीझरला साधारण जमते. औषधांच्या फ्रिजचा हिशेब वेगळा. तिथे २ ते ८ अंश हवेत आणि इन्सुलिन गोठलं की वाया गेलं, म्हणून खालच्या बाजूचा इशाराही तितकाच लागतो.

आता खरी मेख. वीज गेली की राउटरही बंद पडतो. सेन्सर सेलवर चालत असला, आत पारा चढत असला, तरी निरोप न्यायला वायफायच नाही. ज्या रात्रीसाठी यंत्र घेतलं, नेमकी तीच रात्र शांत जाते! आपल्याकडे आणखी एक सवय आहे: फ्रीझरची लाइन वेगळी ठेवून बाकी दुकानाचा मेन स्विच पाडायचा, मग शटर. राउटर त्या मेनवर असेल तर सेन्सर रोजच रात्री मुका.

उपाय दोन आणि दोन्ही लागतात. राउटर कायम चालू राहणाऱ्या लाइनवर घ्यायचा, पण फ्रीझरच्याच एमसीबीवर नाही, कारण तो पडला तर दोघेही एकदमच जातील. जोडीला राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस. दुसरा उपाय ॲपमध्ये असतो: सेन्सरकडून ठरावीक वेळ आकडा आला नाही, तर तोच इशारा समजून फोनवर कळवणं. हे काम दूरच्या सर्व्हरवर होतं, त्यामुळे दुकानात अंधार असला तरी चालतं. ही सोय आहे का, हे खरेदीच्या वेळीच विचारावं. माझ्या मते अचूकतेच्या जाहिरातीपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा. सरकारी लसीकरणातल्या ई-विन व्यवस्थेत शीतपेट्यांवरच्या तापमानयंत्रांना सिमकार्ड असतं, त्यामुळे त्यांना जागेवरच्या वायफायची गरज पडत नाही. ज्या दुकानात वीज वारंवार जाते, तिथे सिमवाला सेन्सर महाग पडला तरी तोच घ्यावा.

नुसती सूचना झोपलेल्या माणसाला उठवत नाही. फोन करणारी सेवा असेल तर ती घ्यावी आणि दुसरा नंबर दुकानाजवळ राहणाऱ्या, चावी असलेल्या माणसाचा द्यावा. मग एका रात्री राउटरची पिन काढून बघावी, फोन खरंच वाजतो का.

आणि इशारा चुकलाच, तरी नोंद उरते. बरेच सेन्सर नेट नसताना आकडे स्वतःत साठवतात आणि नंतर पाठवतात. सकाळी आलेखात पारा उणे १४पर्यंत चढून उतरलेला दिसला तर माल तपासून ठेवता येतो. तोच उणे ५वर तास-दोन तास रेंगाळला असेल, तर वरचा थर विकायचा नाही.